‘ने’, ‘की’ आणि ‘पेक्षा’: वाक्य बदलताना मुलं नेमकी कुठे अडकतात

प्रश्न: “मी सेमी-इंग्रजी शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. शाळेने लावलेल्या व्याकरणाच्या पुस्तकातले व्हॉइस, नॅरेशन आणि डिग्रीचे सगळे स्वाध्याय दोनदा करून घेतले. वहीत सगळं बरोबर असतं. पण चाचणीत तशीच वाक्यं मिसळून दिली की निम्मा वर्ग गोंधळतो. आणखी ड्रिल घेऊ का? की पद्धतच चुकतेय?”

मॅडम, स्वाध्याय आहेत तेवढे पुरतात. ते कोणत्या क्रमाने सोडवून घ्यायचे आणि चुकलेल्या वाक्याकडे कसं बघायचं, एवढं बदलावं लागेल. मी सव्वीस वर्षं मराठी माध्यमाच्या आणि सेमीच्या मुलांना इंग्रजी शिकवते आहे. पहिली आठ-दहा वर्षं मीही पुस्तकातल्या क्रमानेच जात होते आणि निकाल तुमच्यासारखाच यायचा.

आधी मिसळलेल्या वाक्यांचं. ‘पॅसिव्ह व्हॉइस’ असं शीर्षक असलेल्या पानावर वीस वाक्यं सोडवताना मुलाला एक निर्णय कधीच घ्यावा लागत नाही, तो म्हणजे या वाक्याचं करायचं काय. ते काम शीर्षकाने आधीच करून टाकलेलं असतं. तिसऱ्या वाक्यापर्यंत हाताला वळण बसतं आणि उरलेली सतरा वाक्यं त्या वळणावर लिहून होतात. ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये ते शीर्षक नसतं. एका वाक्याला ‘बिगिन विथ नो अदर’ असतं, पुढच्याला ‘चेंज द व्हॉइस’, त्याच्या पुढच्याला नुसतं ‘रिपोर्ट’. वहीतला सराव त्या क्षणासाठी झालेलाच नसतो.

पण गोंधळाचं हे अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं मला खूप उशिरा दिसलं. एका वर्षी सहामाहीचे पेपर तपासताना मी चुकलेली वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवून काढली. वाटलं होतं, चुका कुठेही विखुरलेल्या असतील. तसं नव्हतं. मराठी एक रीत पाळते आणि इंग्रजी दुसरी, अशा चार-पाच जागी त्या एकवटल्या होत्या. मुलं नियम विसरली नव्हती. त्यांच्या डोक्यातलं मराठी वाक्य नियमापेक्षा बळकट होतं. तेव्हापासून मी पुस्तकातले सगळे नियम सारख्या जोराने शिकवत नाही. मराठी जिथे आड येते तिथे थांबते, जिथे मराठी मदतीला येते तिथे तिचाच हात धरते.

तुमच्या वर्गाला हे जसंच्या तसं लागू पडेल का, हे मुलांच्या घरच्या भाषेवर अवलंबून आहे. घरी हिंदी, कोकणी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांच्या चुकांची ठिकाणं थोडी सरकतात. नववीला वेळ असतो, दहावीला जानेवारीनंतर नसतो, हाही फरक आहे. मी खाली लिहिते ते मराठी घरातल्या मुलांचं.

व्हॉइसपासून सुरुवात करते. फळ्यावर ‘राजू ब्रोक द विंडो’ लिहा आणि विचारा, हे ॲक्टिव्ह की पॅसिव्ह. वर्गातली एखादी हुशार मुलगी हमखास पॅसिव्ह म्हणेल. तिचं कारण पक्कं असतं. मराठीच्या तासाला ती नुकतीच शिकून आलेली असते की ‘राजूने खिडकी फोडली’ हा कर्मणी प्रयोग आहे: कर्त्याला ‘ने’ लागलाय, क्रियापद खिडकीप्रमाणे स्त्रीलिंगी झालंय. मराठीच्या व्याकरणात ती बरोबर आहे. इंग्रजीत मात्र ते सरळ ॲक्टिव्ह वाक्य आहे. त्यातच आपण ‘बाय’चा अर्थ सांगताना कधी ‘कडून’ म्हणतो, कधी घाईत ‘ने’ म्हणून जातो आणि गाठ पक्की होते. वर्तमानकाळात ‘राजू खिडकी फोडतो’ असं असतं, तिथे ‘ने’ नाही, म्हणून तिथे ही चूकही होत नाही. वर्गात पडताळून बघा. ओळखायला पाच वाक्यं वर्तमानकाळातली द्या, पाच भूतकाळातली. चुका भूतकाळातच साचलेल्या दिसतील.

यावर मी एकच उपाय करते. ‘बाय’ म्हणजे ‘कडून’, ‘ने’ कधीही नाही, असं ठरवून टाकते आणि पॅसिव्हसाठी मराठीतलं दुसरं रूप पुढे आणते: ‘खिडकी राजूकडून फोडली गेली’. हे रूप फार कामाचं आहे, कारण त्यात इंग्रजी पॅसिव्हचा सगळा सांगाडा दिसतो. ‘लिहिणे’ घेऊन फळ्यावर एकाखाली एक लिहा. लिहिलं जातं, इज रिटन. लिहिलं जात आहे, इज बीइंग रिटन. लिहिलं गेलं, वॉज रिटन. लिहिलं जात होतं, वॉज बीइंग रिटन. लिहिलं गेलं आहे, हॅज बीन रिटन. लिहिलं जाईल, विल बी रिटन. लिहिलं जाऊ शकतं, कॅन बी रिटन. मग मुलांना विचारा, कोणता शब्द हलला नाही? ‘लिहिलं’ हलत नाही आणि ‘रिटन’ही हलत नाही. सगळा काळ ‘जा’ने आपल्या अंगावर घेतलाय, इंग्रजीत तो ‘बी’ने घेतलाय. ‘जात’ दिसलं की ‘बीइंग’ आणि ‘गेलं आहे’ दिसलं की ‘बीन’ हे मुलं स्वतःच सांगतात. पुस्तकातला काळांचा तक्ता पाठ करायला माझ्या वर्गाला आठवडा लागायचा आणि तो परीक्षेत गळायचा. हा फळा पुसल्यावरही मुलांच्या तोंडी राहतो, कारण त्याचा मराठी भाग त्यांना आधीच येत असतो.

एक काळजी घ्या. रोजच्या बोलण्यात आपण ‘राजूकडून खिडकी फोडली गेली’ असं म्हणत नाही, आणि ‘माझ्याकडून पेन हरवलं’ यातल्या ‘कडून’ला नकळत झाल्याची छटा असते. म्हणून हे रूप फक्त आधाराची काठी म्हणून वापरायचं. मराठी निबंधात असली वाक्यं यायला लागली तर मराठीच्या बाई नाराज होतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

व्हॉइसमधली दुसरी चूक तुम्हीही रोज बघत असाल: ‘द विंडो वॉज ब्रोक बाय राजू’. आपण ‘व्ही थ्री पाठ कर’ म्हणतो. पण मुळात बघा, ‘फोडली’ हे एकच रूप मराठीत दोन्हीकडे चालतं. ‘राजूने फोडली’ यातही तेच, ‘फोडली गेली’ यातही तेच. इंग्रजीतल्या ‘प्ले’, ‘क्लीन’, ‘वॉश’ अशा क्रियापदांचीही दुसरी आणि तिसरी रूपं सारखीच असतात, त्यामुळे चूक लपून राहते. पुस्तकाचा स्वाध्याय अशाच क्रियापदांनी भरलेला असेल तर मुलगा वीसपैकी वीस मिळवतो आणि तुम्हाला वाटतं त्याला आलं. म्हणून व्हॉइसची वाक्यं निवडताना मी ब्रेक, टेक, गिव्ह, राइट, ईट, स्टील, थ्रो, ड्रॉ ही क्रियापदं मुद्दाम घेते. यांत दुसरं आणि तिसरं रूप वेगळं आहे, त्यामुळे खरं काय आलंय ते लगेच उघडं पडतं.

ज्या वाक्याला पॅसिव्ह होतच नाही ते ओळखायला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असा प्रश्न विचारायचा. ‘ही गोज टु स्कूल’मध्ये ‘कुठे?’ला उत्तर मिळतं, ‘काय?’ला मिळत नाही, म्हणून तिथे थांबायचं. आमच्या भागातली मुलं ‘शाळेला जातो’ म्हणतात आणि त्या ‘ला’ला फसून ‘स्कूल इज गॉन बाय हिम’ लिहितात. त्यांना ‘ला’च्या जागी ‘त’ घालून बघायला सांगते. ‘शाळेत जातो’ चालतं, म्हणजे ते ठिकाण आहे, कर्म नाही. ‘राजूला मारलं’चं ‘राजूत मारलं’ होत नाही, म्हणजे तिथे कर्म आहे.

आता नॅरेशन. माझ्या अनुभवात तिन्हींत सगळ्यात जास्त गुण इथे जातात आणि पुस्तक इथेच सगळ्यात कमी मदत करतं. पुस्तकात सर्वनामांचा तक्ता असतो, काळाचा असतो, ‘नाऊ’चं ‘देन’ आणि ‘टुडे’चं ‘दॅट डे’ करण्याचा असतो. मुलगा तीन तक्ते डोक्यात घेऊन एका वाक्यावर तुटून पडतो आणि त्यातला एखादा विसरतोच. त्याला हे बदल का करायचे तेच कळलेलं नसतं, कारण मराठीत ते करावेच लागत नाहीत. सुनील मला म्हणाला, “मी तुझं पुस्तक उद्या परत देईन.” हेच मी तुम्हाला सांगताना म्हणते, ‘सुनील मला म्हणाला की मी तुझं पुस्तक उद्या परत देईन.’ अवतरणचिन्हं गेली, ‘की’ आला, बाकी अक्षरही हललं नाही. ‘मी’ सुनीलच राहिला, ‘तुझं’ माझंच राहिलं, ‘उद्या’ही तसाच राहिला. ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण मराठीला ही सवय आहे. हेच मुलाने इंग्रजीत उतरवलं की ‘सुनील टोल्ड मी दॅट आय विल रिटर्न युअर बुक टुमॉरो’ होतं आणि ते चुकतं.

त्यामुळे मी तक्त्याआधी चिठ्ठ्यांचा प्रयोग घेते. सोमवारी दोन मुलांना पुढे बोलावते. एकाने दुसऱ्याला इंग्रजीत एक वाक्य सांगायचं आणि तेच चिठ्ठीवर लिहायचं. खाली वार, बोलणाऱ्याचं नाव, ऐकणाऱ्याचं नाव. चिठ्ठी खडूच्या रिकाम्या डब्यात टाकायची आणि डबा बुधवारपर्यंत उघडायचा नाही. बुधवारी तिसऱ्याच मुलाने चिठ्ठी काढून वर्गाला सांगायचं, कोण कोणाला काय म्हणालं. दोन दिवसांचं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. चिठ्ठीवर असतं, “आय विल रिटर्न युअर बुक टुमॉरो.” बुधवारी उभ्या असलेल्या मुलाला मी विचारते, यातला ‘टुमॉरो’ म्हणजे कोणता वार? तो बोटं मोजून मंगळवार म्हणतो. मंगळवार तर कालच गेला. मग तू आज ‘टुमॉरो’ म्हटलंस तर लोक गुरुवार समजतील ना? इथे मुलं स्वतःच ‘द नेक्स्ट डे’पर्यंत येतात. पुढचा प्रश्न: ‘आय’ कोण? तू का? नाही, सुनील. मग ‘ही’. ‘युअर’ म्हणजे कोणाचं? चिठ्ठीवर ऐकणाऱ्याचं नाव मीना आहे, म्हणून ‘हर’. आणि ‘विल’? सुनील सोमवारी पुढचं सांगत होता, आपण बुधवारी मागे वळून त्या बोलण्याकडे बघतोय, म्हणून ‘वुड’. सुनील टोल्ड मीना दॅट ही वुड रिटर्न हर बुक द नेक्स्ट डे. आता तक्ता उघडला तर मुलांना त्यात आपणच शोधलेलं दिसतं.

वहीत सोडवताना चिठ्ठीवरची तीच माहिती पेन्सिलने वाक्यात भरायला लावते. अवतरणातल्या प्रत्येक सर्वनामावर त्या माणसाचं नाव लिहायचं. ‘राजू सेड टु मीना, “व्हेअर डिड यू कीप माय बॅग?”’ यात ‘यू’च्या डोक्यावर मीना, ‘माय’च्या डोक्यावर राजू. नावं लिहिल्यावर मगच सर्वनाम ठरवायचं: मीना म्हणून ‘शी’, राजू म्हणून ‘हिज’. पहिला पुरुष कर्त्याप्रमाणे आणि दुसरा पुरुष कर्माप्रमाणे हा पुस्तकातला नियम बरोबरच आहे, पण नावं लिहिणाऱ्या मुलाला तो आठवावा लागत नाही. या पेन्सिलीच्या नावांवरून मलाही तपासताना कळतं की मुलाचा माणूस चुकला की सर्वनाम. माणूसच चुकला असेल तर त्याने वाक्य समजून घेतलेलं नसतं आणि तिथे व्याकरण शिकवून उपयोग नसतो.

हेच वाक्य पुढे नेऊ, कारण यात प्रश्नाची अडचणही आहे. मुलांची उत्तरं अशी येतात: ‘राजू आस्क्ड मीना दॅट व्हेअर डिड शी कीप हिज बॅग’. इथे दोन चुका आहेत आणि दोन्हींचा उगम वेगळा आहे. ‘दॅट’ आला तो मराठीच्या ‘की’मधून. मराठीत विधानालाही ‘की’, प्रश्नालाही ‘की’, हुकमालाही ‘की’: म्हणाला की येतो, विचारलं की कुठे ठेवली, सांगितलं की गप्प बसा. इंग्रजीत या एका ‘की’चे तीन रस्ते फुटतात. विधान असेल तर ‘दॅट’. प्रश्न असेल तर प्रश्नाचा शब्दच जोडणी करतो आणि तो शब्द नसेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’. हुकूम, विनंती, सल्ला असेल तर ‘टु’. म्हणून मी मुलांना सांगते, वाक्य हातात आलं की पहिलं काम ‘की’ कोणता ते ठरवण्याचं. काळ, सर्वनाम, सगळं त्यानंतर.

‘इफ’ कधी हे ओळखायला मराठी पुन्हा मदत करते. मनात मराठी वाक्य म्हणायचं आणि ‘का’ कुठे येतो ते बघायचं. ‘तू आलास का?’ यात ‘का’ क्रियापदाच्या मागे, शेवटी आहे. उत्तर हो किंवा नाही, म्हणून ‘इफ’. ‘तू का आलास?’ यात ‘का’ क्रियापदाच्या आधी आहे आणि तो कारण विचारतो, म्हणून ‘व्हाय’. एकच अक्षर जागा बदलून दोन प्रश्न करतं, हे मुलांना फार आवडतं आणि लक्षातही राहतं.

दुसरी चूक ‘डिड’ची. ती मराठीतून आलेली नाही, आपल्याच शिकवण्यातून आलेली आहे. पाचवीपासून आपण घोकून घेतलं की प्रश्नात ‘डू, डझ, डिड’ कर्त्याच्या आधी. मुलाने ते मेहनतीने पक्कं केलं आणि आता आपण म्हणतो, काढून टाक. म्हणून मी मध्ये एक पायरी घालते. आधी प्रश्न मोडून साधं विधान करायचं, मीना आणि राजूची नावं घालून: ‘मीना केप्ट राजूज बॅग’. ‘डिड’ गेला आणि त्याचा भूतकाळ ‘कीप’च्या अंगावर येऊन ‘केप्ट’ झाला. मग काळ एक पायरी मागे: ‘हॅड केप्ट’. मग सर्वनामं, आणि सुरुवातीला ‘व्हेअर’. राजू आस्क्ड मीना व्हेअर शी हॅड केप्ट हिज बॅग. ही मधली पायरी पहिले दोन आठवडे वहीत लिहूनच घ्या. न लिहिणारी मुलं ‘व्हेअर डिड शी हॅड केप्ट’ अशी खिचडी करतात. प्रश्नाचा क्रम सुटल्यावर वाक्य मराठीच्या जवळ येतं, कारण मराठीत प्रश्न विचारताना कर्त्याची जागा बदलतच नाही, हेही मुलांना दाखवा.

हुकमाच्या वाक्यांना मराठीत तयार वाट आहे. ‘बाईंनी मुलांना शांत बसायला सांगितलं.’ यातला ‘आयला’ म्हणजे ‘टु’. बसायला, टु सिट. आणायला, टु ब्रिंग. ‘की गप्प बसा’ असं न म्हणता ‘बसायला सांगितलं’ असं आधी मराठीत म्हणून बघा, इंग्रजी वाक्य जवळजवळ तयार होतं: द टीचर टोल्ड द स्टुडंट्स टु सिट क्वायटली. यातला धोका ‘मुलांना’ मधल्या ‘ना’चा. त्याला धरून मुलं ‘टोल्ड टु द स्टुडंट्स’ लिहितात. ‘सेड’ला ‘टु’ लागतो, ‘टोल्ड’ला लागत नाही, एवढं लाल शाईने एकदा लिहून द्यावं लागतं. नकार असेल तर ‘नॉट टु’, आणि इथे मराठी फारशी मदत करत नाही, तेवढं सरावानेच बसवावं लागतं.

एखादा मुलगा विचारेल की बातम्यांत तर ‘ही सेड ही इज रेडी’ असंही ऐकू येतं. त्याचं खरं आहे. गोष्ट अजूनही तशीच असेल तर बोलताना काळ मागे नेलाच पाहिजे असं नाही. त्याला तसं सांगा आणि हेही सांगा की पेपरात ‘सेड’ दिसलं की काळ मागे न्यायचा. अपवाद पृथ्वी सूर्याभोवती फिरते यासारख्या कायम सत्यांचा.

डिग्री तुलनेने सोपी आहे, तिथे दोनच जागी थांबते. मराठीत विशेषण स्वतः बदलत नाही. उंच, त्यापेक्षा उंच, सगळ्यांत उंच. तुलनेचं ओझं नामाला लागलेला ‘पेक्षा’ उचलतो. त्यामुळे ‘टॉल दॅन’ किंवा ‘जास्त उंच’वरून ‘मोअर टॉलर’ येतं. हे टोकलं की सुधारतं. खरी अडचण ‘अदर’ची आहे.

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, 1646 मीटर. ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’ याचं कंपॅरेटिव्ह मुलं लिहितात, ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’. बोलताना आपणही ‘महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिखरापेक्षा उंच’ म्हणतो, ‘इतर’ गाळतो, कोणाला खटकत नाही. मी मुलांना विचारते, महाराष्ट्रातल्या शिखरांच्या यादीत कळसूबाई आहे ना? मग ती स्वतःपेक्षा उंच कशी? यादीतून तिला बाहेर काढायला ‘अदर’ लागतं: हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र. मग उलट प्रश्न: कळसूबाई गोव्यातल्या शिखरांपेक्षा उंच आहे हे कसं लिहाल? तिथे ती यादीत नाहीच, म्हणून ‘हायर दॅन एनी पीक इन गोवा’, ‘अदर’ नको. हा दुसरा प्रश्न पुस्तकात नसतो, पण तो विचारल्याशिवाय मुलं ‘अदर’ नियम म्हणून चिकटवतात, अर्थ म्हणून नाही.

पॉझिटिव्हसाठी मराठीत सुंदर वाक्य आहे: ‘कळसूबाईइतकं उंच दुसरं शिखर महाराष्ट्रात नाही.’ नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई. अर्थ तोच, फक्त कळसूबाई मराठीत पहिली आणि इंग्रजीत शेवटची, आणि शेवटचं ‘नाही’ पुढे येऊन ‘नो’ होतं. तोंडी म्हणून घेतलं की हा उलटा क्रम बसतो. ‘वन ऑफ द’ असेल तर तिथे एकच पहिलं नाही, म्हणून ‘मोस्ट अदर’ आणि ‘व्हेरी फ्यू’, आणि पुढे अनेकवचन. दोघांचीच तुलना असेल तर सुपरलेटिव्ह करायचं नाही. ‘राजू इज टॉलर दॅन मीना’चं ‘मीना इज नॉट ॲज टॉल ॲज राजू’ एवढंच होतं.

आता तुमच्या स्वाध्यायांचं. मी वीस वाक्यांच्या स्वाध्यायातली सहाच त्या दिवशी सोडवून घेते, तीही निवडून. उरलेली चौदा राखून ठेवते. पुढच्या आठवड्यापासून रोज तासाच्या सुरुवातीला सहा वाक्यं फळ्यावर, प्रत्येक प्रकरणातली दोन, क्रम बदलून, शीर्षक न लिहिता. पहिले तीन दिवस फक्त ओळखायचं: कोणता बदल शक्य आहे, कोणता ‘की’, ‘काय?’ला उत्तर आहे का, तुलना दोघांची की सगळ्यांची. उत्तर लिहायचं नाही. चौथ्या दिवसापासून लिहायचं. पहिल्या आठवड्यात मुलं कंटाळतात आणि गुणही थोडे खाली येतात, तेव्हा घाबरू नका. वहीतले पूर्वीचे गुण शीर्षकाच्या आधारावर आलेले होते.

शिवाय आठवड्यातून एकदा उलटा प्रवास घेते. मुलाने सोमवारी लिहिलेली पॅसिव्ह किंवा इनडायरेक्ट वाक्यं गुरुवारी शेजारच्याला द्यायची, मूळ वाक्य झाकून, आणि त्याने परत मूळ करायचं. जुळलं तर दोघांचं बरोबर. नाही जुळलं तर कुठे काय गळलं ते दोघांनी शोधायचं. बहुतेकदा काळ गळलेला असतो: ‘इज बीइंग’ऐवजी ‘इज’ लिहिलं होतं म्हणून परत येताना साधा वर्तमानकाळ आला. तपासणीचं निम्मं काम मुलंच करतात आणि साठ वह्यांच्या वर्गात त्याला मोल आहे.

‘लेट द डोअर बी ओपन्ड’, ‘बाय हूम वॉज द विंडो ब्रोकन’ अशी वाक्यं बोलण्यात कोणी वापरत नाही. ती पेपरात येऊ शकतात म्हणून शिकवते, पण शेवटच्या पंधरवड्यात, तयार साचा म्हणून. सुरुवातीलाच दिली तर मुलांना वाटतं इंग्रजी असंच असतं.

तुमच्याकडे गेल्या चाचणीचे पेपर असतीलच. आधी त्यातली चुकलेली वाक्यं एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर लिहा: ‘ने’चं, ‘की’चं, ‘डिड’चं, ‘अदर’चं, की बदलच ओळखला नाही. चाळीस-पन्नास वाक्यं झाली की तुमच्या वर्गाने कुठून सुरू करायचं ते त्या कागदावरच दिसेल. ‘की’ची संख्या मोठी निघाली तर व्हॉइस बाजूला ठेवून चिठ्ठ्यांचा डबा येत्या सोमवारीच सुरू करा.